खारे काजू पावसाळ्यात परत येतात, कॅपा मात्र डिसेंबरात बंद होते

डिचोली तालुक्यातला एक छोटा कारखाना काजूगर भाजतो, त्यांना मीठ लावतो आणि पाकिटात भरून विकतो. माल म्हापसा, कळंगुट, पणजी आणि खाली मडगावपर्यंत जातो. तक्रार 200 ग्रॅमच्या खाऱ्या काजूची आहे. दुकानदार पाकिटे परत पाठवतात आणि सोबत एवढेच सांगतात, 'काजू सादळले.' एका पावसाळ्यात असे झाले तेव्हा कॅपाची, म्हणजे सुधारक आणि प्रतिबंधक कृतीची, रीतसर नोंद झाली. कारण लिहिले गेले, कृती झाली, परिणाम तपासला आणि नोंद बंद झाली. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तीच पाकिटे आणि तीच तक्रार आली. खालचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोळाबेरीज करून घेतले आहेत, क्रम मात्र जसा घडला तसाच आहे.

पहिल्या वर्षीची बंद झालेली नोंद अशी होती:

दोष: खारे काजू 200 ग्रॅम, माल खराब.
कारण: सीलिंग करताना कामगाराचे दुर्लक्ष.
कृती: कामगारांना समज दिली, सप्टेंबर.
परिणामाची तपासणी: डिसेंबरात तक्रार नाही. कृती परिणामकारक. नोंद बंद.

एकही रकाना रिकामा नाही, त्यामुळे ऑडिटला आलेल्या माणसाने पान उलटले आणि पुढे गेला. पण चारही ओळींत खोट आहे, आणि सगळ्यात मोठी शेवटच्या ओळीत. म्हणून उलगडा शेवटाकडूनच करू.

डिसेंबरात तक्रार का नव्हती

गोव्यात डिसेंबर म्हणजे हंगाम. कळंगुटच्या दुकानात मांडलेले पाकीट काही दिवसांत विकले जाते आणि पर्यटकाच्या पिशवीत बसून दिल्ली-मुंबईला निघून जाते. ते सादळलेले निघाले तरी माणूस दोनशे ग्रॅम काजूंसाठी गोव्याला परत येत नाही. हवाही त्या मानाने कोरडी असते. पावसाळ्यात दोन्ही गोष्टी उलट होतात. गिऱ्हाईक रोडावते, पाकीट महिना-दीड महिना फळीवर पडून राहते आणि भोवतालच्या हवेत पाणीच पाणी असते. विकत घेणाराही बहुधा स्थानिक असतो, तो दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन दुकानात हजर होतो.

म्हणजे पाकीट वर्षभर सारखेच गळके असले, तरी डिसेंबरात तक्रार शून्याच्या आसपासच राहणार. कामगारांना समज दिली नसती तरी डिसेंबरचा आकडा तोच आला असता. ज्या परिस्थितीत दोष दिसतो ती नसताना केलेली तपासणी कृतीबद्दल काहीच सांगत नाही. हा मुद्दा मालकांना पटवायला वेळ लागला. त्यांचे म्हणणे होते, 'आकडा खाली आला तो आलाच ना?' आला, पण तो दरवर्षीच खाली येतो. आदल्या दोन वर्षांची परत आलेल्या मालाची वही उघडली तेव्हा ते तिथेच दिसले.

दुसरी गोम मोजण्याच्या पद्धतीत होती. वहीत माल परत आल्याची तारीख होती, पाकीट कधी भरले ते नव्हते. जुलैत भरलेले पाकीट दुकानात पडून, विकून, तक्रार होऊन परत येईपर्यंत सप्टेंबर उजाडतो. त्यामुळे वहीत सगळ्यात जास्त माल सप्टेंबर-ऑक्टोबरात परत आलेला दिसत होता आणि सगळे जण सप्टेंबरात काय बिघडले ते शोधत होते. पाकिटावरचा बॅच नंबर वाचून भरण्याच्या महिन्याप्रमाणे मांडणी केली तेव्हा चित्र वेगळे निघाले. जूनमध्ये भरलेल्या 4000 पाकिटांपैकी 60 परत आली, म्हणजे दीड टक्का. जुलैच्या 4000 पैकी 68. ऑगस्टमध्ये चवथीच्या खपासाठी 6000 भरली, त्यांतली 72. नोव्हेंबरच्या 8000 पैकी मात्र फक्त 8. परत आलेल्या मालाचा हिशेब नेहमी असाच मांडावा: त्या महिन्यात भरलेल्यांपैकी किती परत आली. नुसता 'या महिन्यात 40 पाकिटे परत आली' हा आकडा खपाबरोबर वरखाली होतो, त्यातून दोषाचा पत्ता लागत नाही.

'माल खराब' म्हणजे नेमके काय

वहीत प्रत्येक ओळीपुढे 'माल खराब' एवढेच होते. परत आलेल्या पाकिटांचे खोके अजून मागच्या खोलीत होते हे नशीब. खोके उघडून प्रत्येक पाकिटातले दोन-तीन काजू चावून पाहिले आणि दोन ढीग झाले. मोठा ढीग सादळलेल्यांचा: चव बरी, पण दाताखाली कडक् आवाज नाही, काजू चिवट लागतो. लहान ढीग खवट वासाच्या काजूंचा. हे दोन वेगळे आजार आहेत. सादळणे म्हणजे काजूने ओल धरली. खवटणे म्हणजे त्यातले तेल हवेतल्या ऑक्सिजनने बिघडले. त्याला जुने काजूगर, भाजण्यातली चूक किंवा दुकानातले ऊन अशी कारणे असू शकतात. दोन्ही एका नोंदीत घातले की एकाची कृती दुसऱ्याला लागू पडत नाही आणि आकडा अर्धवट हलतो. म्हणून खवटपणाची नोंद वेगळी उघडली. इथे फक्त सादळण्याचे बघू.

परत आलेला माल पुन्हा भाजून विकायचा नाही, हे सांगायची वेळ येऊ नये, पण आली. ते खोके वेगळे ठेवून त्यावर 'विक्रीसाठी नाही' अशी चिठ्ठी लावली, आणि तपासणी संपल्यावर माल नष्ट केल्याची नोंद ठेवली.

कारण: जे परत येत नाही ते बघा

अशा वेळी सगळे परत आलेल्या पाकिटांभोवती जमतात. मला परत न आलेल्या पाकिटांतून जास्त कळते. याच कारखान्यात त्याच फिल्मच्या पाकिटात, पाकिटाचे तोंड उष्णतेने चिकटवणाऱ्या त्याच बँड सीलरवर 200 ग्रॅमचे बिनमिठाचे भाजके काजूही भरले जातात. ते जवळपास परत येतच नाहीत. खाऱ्या काजूंचे 500 ग्रॅमचे पाकीटही क्वचितच परत येते.

एवढ्यावरच बरेच संशयित सुटतात. फिल्म वाईट असती तर बिनमिठाचेही सादळले असते. सीलरचे तापमान सरसकट कमी असते तरी तेच झाले असते. आणि मिठाचाच सगळा दोष असता तर 500 ग्रॅमचे पाकीट वाचले नसते.

मिठाची बाजू मात्र नीट तपासावी लागली, कारण तो संशय रास्त होता. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून ओले होऊ लागते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या वरच असते. भाजलेले खारे काजू भरण्याच्या खोलीत उघड्या परातीत तासभर राहिले आणि तिथेच ओल धरली, असेही झाले असते. याचा निकाल राखीव नमुन्यांनी लावला. कारखाना प्रत्येक बॅचची दोन पाकिटे कपाटात ठेवतो. जुलैच्या ज्या बॅचची पाकिटे परत आली होती, तिची कपाटातली दोन्ही फोडली. काजू कुरकुरीत होते. काजू खोलीतच सादळले असते तर सगळी बॅच सादळली असती. म्हणजे ओल पाकीट बंद झाल्यानंतर शिरली, आणि तीही काही पाकिटांतच.

मग परत आलेली पाकिटे बादलीतल्या पाण्यात धरून हळूच दाबली. बहुतेकांतून बुडबुडे आले ते वरच्या सीलमधून, आणि तेही एका कोपऱ्याजवळून. कात्रीने तो भाग कापून भिंगाखाली पाहिला. दोन-अडीच सेंटीमीटर लांबीचा सील सुटलेला होता, आणि सुटलेल्या जागी फिल्मच्या आतल्या बाजूला मिठाचे बारीक कण आणि तेलाचा पुसट थर होता. उरलेल्या भागात सील पक्का. वितळलेले पॉलिथिन मिठाच्या कणावर आणि तेलावर चिकटत नाही. त्या दिवशी ते कसेबसे धरून राहते, पण खोक्यात वर दहा पाकिटे चढली आणि टेंपो खड्ड्यांतून गेला की कोपरा सुटतो. कपाटातली पाकिटे ना खोक्यात दबली ना टेंपोत हादरली, म्हणूनच ती धड राहिली.

कोपऱ्यात मीठ आले कुठून

इथे बायकांच्या कामाकडे तासभर शांतपणे बघत बसण्याला पर्याय नव्हता. काजू तोलून स्टीलच्या नरसाळ्यातून पाकिटात ओततात. 500 ग्रॅमच्या पाकिटात नरसाळ्याची नळी सीलच्या पट्ट्याच्या चांगली खाली उतरते. 200 ग्रॅमच्या पाकिटात ती सीलच्या पट्ट्यातच संपते. ओतताना नळीच्या टोकाला चिकटलेले मीठ आणि तेल सरळ सीलच्या जागी पुसले जाते, आणि नळी नेहमी एका बाजूला टेकते म्हणून डाग एकाच कोपऱ्यात येतो. बिनमिठाच्या काजूला मीठ नाही आणि वरून लावलेले तेलही नाही, म्हणून ते पाकीट निभावून जाते.

भरणाऱ्या बाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, 'पूर्वी पाकीट उंच होतं हो. आता आखूड आलंय, ओतताना सांभाळावं लागतं.' दोन वर्षांपूर्वी फिल्मचा खर्च कमी करायला 200 ग्रॅमच्या पाकिटाची उंची 20 मिलिमीटरने कमी केली होती. छपाईवाल्याला नवे माप गेले, खरेदीत नवा दर नोंदला गेला, पण भरण्याच्या खोलीत कुणी विचारले नाही की नरसाळे तेच चालेल का. तक्रारीही तेव्हापासूनच सुरू झाल्या होत्या, पण वहीत भरण्याची तारीख नसल्याने ते कुणाला दिसले नाही.

नोंदीत मूळ कारण आता असे लिहिले: 'पाकिटाची उंची बदलताना भरण्याच्या साधनावर होणारा परिणाम तपासला नाही. जुन्या नरसाळ्याची नळी सीलच्या पट्ट्यात संपते, त्यामुळे मीठ आणि तेल सीलमध्ये येते.' कामगाराचे दुर्लक्ष हे कारण इथे बसतच नाही. ज्या बाई दिवसाला शेकडो पाकिटे आखूड मापात सांभाळून भरतात, त्यांना समज देऊन नळीची लांबी वाढत नाही.

दुसरा प्रश्न वेगळ्या ओळीत लिहावा: दोष झाला तो झाला, पण कारखान्यातून बाहेर कसा गेला? उत्तर सोपे होते. सीलची तपासणी सकाळचे पहिले पाकीट हाताने दाबून होत असे. सकाळी नळी धुतलेली असते, आणि ताजा सील हाताच्या दाबाला सुटत नाही. म्हणजे तपासणी अशा पाकिटाची आणि अशा पद्धतीने होत होती की हा दोष तिला सापडणे शक्यच नव्हते. कॅपाच्या नोंदीत बहुतेक लोक 'का घडले' एवढेच लिहितात. 'का सुटले' लिहिले नाही तर पुढचा दोषही त्याच दारातून बाहेर जातो.

कृती, आणि ज्या कृती केल्या नाहीत त्याही

सुपरवायझरने आधी सीलरचे तापमान 160 वरून 185 अंशांवर न्यायचे ठरवले होते. ते थांबवले. जास्त उष्णतेने मिठाचा कण वितळत नाही. आतले पॉलिथिन मात्र सीलच्या कडेला पातळ होते आणि चांगली पाकिटेही तिथे चिरू लागतात. मालकांची सूचना पाकिटात सिलिका जेलची पुडी टाकायची होती. हिशेब केला. दोन ग्रॅमची पुडी ढोबळमानाने अर्धा ग्रॅम पाणी धरते. सुटलेल्या कोपऱ्यातून पावसाळ्याच्या महिनाभरात त्याच्या कितीतरी पट ओल आत येते. पुडीने तक्रार फार तर आठवडाभर पुढे ढकलली असती, आणि गळती झाकली गेली असती ते वेगळेच.

जे केले ते तीन कप्प्यांत लिहिले, कारण हे तीन एकमेकांत मिसळले की पुढे कशाचा परिणाम तपासायचा तेच कळत नाही.

तात्काळ दुरुस्ती: गोदामातल्या आणि वितरकाकडच्या 200 ग्रॅम खाऱ्या काजूच्या बॅचेस अडवल्या. प्रत्येक खोक्यातली पाच पाकिटे पाण्यात दाबून पाहिली. एकातूनही बुडबुडा आला की ते खोके पूर्ण परत घेतले. याने हातातला माल सांभाळला गेला, कारण तसेच राहिले.

सुधारक कृती: नळी सीलच्या पट्ट्याखाली निदान 40 मिलिमीटर उतरेल असे नवे नरसाळे म्हापशाच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतले. जुने नरसाळे भरण्याच्या खोलीतून बाहेर काढले. ही ओळ नोंदीत मुद्दाम आहे, कारण जुने साधन कोपऱ्यात राहिले की घाईच्या दिवशी तेच हातात येते. सील तपासणीही बदलली. दर तासाला, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच, पाच पाकिटांवर फळी ठेवून 10 किलो वजन एक मिनिट ठेवायचे, मग पाण्यात धरायची. एक जरी गळले तरी मागच्या तपासणीपासूनचा सगळा माल बाजूला.

प्रतिबंधक कृती: पाकीट, फिल्म, सीलर किंवा भरण्याचे साधन यांपैकी काहीही बदलताना एक पानी तपासणी. त्यात भरणाऱ्याची आणि सील तपासणाऱ्याची सही हवी, नुसती खरेदीवाल्याची चालणार नाही. आणि हाच दोष आणखी कुठे दडला आहे ते पाहण्यासाठी कारखान्यातल्या प्रत्येक पाकिटाचे माप आणि प्रत्येक नरसाळ्याची नळी मोजून तक्ता करायचा.

आयएसओ 9001 या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या 2015 च्या आवृत्तीत 'प्रतिबंधक कृती' असे वेगळे कलम राहिले नाही, तो विचार जोखमीच्या कलमात गेला. म्हणून काही जण नोंदीतून हा रकानाच काढून टाकतात. छोट्या कारखान्यात तो ठेवावा असे माझे मत आहे. सुधारक कृती घडलेल्या दोषावर असते. शेजारच्या पाकिटात तोच दोष अजून घडायचा असेल, तर त्याला जागा कुठेतरी हवी.

परिणामाची तपासणी आधीच लिहून ठेवणे

कृती ठरली त्याच दिवशी, आकडे हातात येण्याआधी, नोंदीत लिहिले: काय मोजायचे, केव्हा, कितीला पास, आणि नापास झाले तर काय. नंतर लिहायला बसलो की आलेला आकडा बरा वाटेल असाच निकष ठरतो, हे माणसाच्या स्वभावातच आहे.

खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्यातच होणार होती, पण तोवर हातावर हात ठेवून बसायची गरज नव्हती. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घेतला. तळाशी पसरट भांड्यात पाण्यात मीठ इतके विरघळवले की थोडे मीठ तळाला न विरघळता उरले. अशा द्रावणावरच्या बंद हवेत आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास टिकून राहते, फक्त तळाशी न विरघळलेले मीठ दिसत राहिले पाहिजे. वर जाळी आणि जाळीवर पाकिटे. नव्या नरसाळ्याने भरलेली दहा, आणि मुद्दाम जुन्याने भरलेली दहा. सगळी आधी खोक्यात भरून, वर नेहमीसारखी रास रचून, वितरणाच्या टेंपोतून मडगावपर्यंत नेऊन परत आणली. हादरा आणि दाब न देता सरळ डब्यात ठेवली असती तर दोन्ही प्रकार सारखेच धड दिसले असते, आणि आपण खूश होऊन नोंद बंद केली असती.

दर आठवड्याला 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर प्रत्येक पाकीट तोलले. दोन आठवड्यांनी नव्या नरसाळ्याच्या दहाही पाकिटांचे वजन 0.3 ग्रॅमच्या आत वाढले होते. फिल्ममधूनही थोडी ओल जातेच, तेवढी धरून चालावी. जुन्या नरसाळ्याच्या दहापैकी तिघांचे वजन ग्रॅमभराच्या वर गेले, आणि त्या तिघांचेच कोपरे सुटलेले निघाले. जुनी दहा पाकिटे ठेवण्याचे कारण हेच. ती नापास झाली म्हणून ही परीक्षा दोष पकडू शकते हे कळले. दोन्ही प्रकार पास झाले असते तर परीक्षा कुचकामी होती, नरसाळे नव्हे.

दहापैकी तीन सुटली म्हणून बाजारातही तीस टक्के सुटत असतील असे मात्र धरू नये. ही पाकिटे मुद्दाम मीठ चिकटलेल्या नळीने भरली होती. शिवाय जी सुटतात ती सगळी परत येत नाहीत. परत येण्याचा आकडा दोषाच्या आकड्यापेक्षा नेहमी लहानच असतो.

पावसाळ्याचा निकष असा ठेवला: जून ते ऑगस्टमध्ये भरलेल्या 200 ग्रॅम खाऱ्या काजूंपैकी सादळल्याच्या तक्रारीने परत आलेली पाकिटे 0.2 टक्क्यांच्या आत. मोजणी नोव्हेंबरअखेर, म्हणजे ऑगस्टच्या मालालाही परत यायला तीन महिने मिळतात. एक अट आणखी घातली. त्याच काळात दहा दुकानांत जाऊन विचारायचे, सादळलेली पाकिटे तुम्ही परत न पाठवता फेकली का? वितरक कधी दुकानदाराला आपल्याच खिशातून बदली पाकीट देतो आणि कारखान्याला काही कळवत नाही. तसा शून्य आकडा फसवा असतो.

निकाल

त्यानंतरच्या पावसाळ्यात जून ते ऑगस्ट मिळून 15,000 पाकिटे भरली गेली. सादळल्याच्या तक्रारीने 17 परत आली, म्हणजे साधारण 0.11 टक्के. दुकानांतून फेकलेल्या पाकिटांची फारशी भर पडली नाही. निकषाप्रमाणे पास. सतराही कापून पाहिली. बहुतेक दुकानात वरून फाटलेली किंवा उंदराने कुरतडलेली होती. फक्त दोघांत कोपऱ्याला मीठ सापडले, आणि दोन्ही चवथीच्या आधीच्या एकाच संध्याकाळच्या बॅचची. त्या संध्याकाळच्या तपासणीच्या तक्त्यात दोन तासांच्या जागा रिकाम्या होत्या.

पण वहीत एक नवी ओळ दिसली. मसाला काजू 150 ग्रॅम, सादळले, 22 पाकिटे. हा माल चवथीच्या तोंडावर बाजारात आणला होता. त्यासाठी 200 ग्रॅमपेक्षाही आखूड पाकीट घेतले, आणि नरसाळे होते तेच, 40 मिलिमीटरच्या हिशेबाने 200 ग्रॅमसाठी केलेले. बदलाचे एक पानी तपासणीपत्र भरलेले होते. त्यावर खरेदीची आणि मालकांची सही होती, भरणाऱ्या बाईंची नव्हती. 'घाई होती, नंतर घेणार होतो,' असे सांगण्यात आले. नळ्या आणि पाकिटांच्या मापांचा तक्ताही झाला होता, पण तो जुलैतला. मसाला काजू त्यानंतर आले.

म्हणून नोंद अशी संपवली: सुधारक कृती परिणामकारक, 200 ग्रॅम खाऱ्या काजूपुरती बंद. प्रतिबंधक कृती परिणामकारक नाही, उघडी. मसाला काजूसाठी नवी नोंद उघडली, तिच्यावर या नोंदीचा क्रमांक लिहिला आणि हिच्यावर तिचा. नव्या पाकिटाची ऑर्डर भरणाऱ्या बाईंच्या सहीशिवाय छपाईवाल्याकडे जाणार नाही, असे खरेदीच्या वहीतच छापून घेतले. त्याची तपासणी फेब्रुवारीत ठेवली आहे. तेव्हा हंगाम संपता संपता दोन नवी पाकिटे यायची आहेत, आणि सही खरोखर घेतली जाते का ते बघायला पावसाची वाट पाहावी लागत नाही.